ट्रिप्टोफॅन ऑपेरॉनचा अ‍ॅटेन्युएटर कागद-पेन्सिल घेऊन कसा वाचायचा

अ‍ॅटेन्युएशन, म्हणजे सुरू झालेलं ट्रान्सक्रिप्शन मध्येच थांबवायची जीवाणूंची युक्ती, शिकताना बहुतेकांची गाठ एका आकृतीशी पडते. चार रंगीत दांडे, त्यांच्यावर १, २, ३, ४ असे आकडे आणि बाजूला फुगलेला रायबोसोम. "२-३ जुळले तर चालू, ३-४ जुळले तर बंद" एवढं पाठ केलं की परीक्षा निघते. मीही तशीच काढली होती. पण नंतर कुणी विचारलं की रायबोसोम आलाच नाही तर काय होईल, आणि माझं उत्तर चुकलं. चार दांडे पाठ होते, पण ते का जुळतात आणि कधी जुळतात हे कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणून इथे आपण दांडे बाजूला ठेवून प्रत्यक्ष अक्षरांवर काम करू. जीवाणू एकच, ई. कोलाय. ऑपेरॉनही एकच, ट्रिप्टोफॅन बनवणाऱ्या पाच जनुकांचा (ई, डी, सी, बी, ए). या पाच जनुकांच्या आधी आरएनएचा १६२ अक्षरांचा लीडर आहे आणि सगळा खेळ त्याच्या पहिल्या १४१ अक्षरांत होतो. एक चौकटीचा कागद आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्या.

आधी एक गैरसमज दूर करू

या ऑपेरॉनवर एकच नियंत्रण आहे असं अनेकांना वाटतं, पण दोन वेगळी आहेत. पहिलं रिप्रेसरचं. ट्रिप्टोफॅन भरपूर असला की तो रिप्रेसर प्रथिनाला चिकटतो, ते प्रथिन ऑपरेटरवर बसतं आणि ट्रान्सक्रिप्शन सुरूच होऊ देत नाही. दुसरं अ‍ॅटेन्युएशनचं. ट्रान्सक्रिप्शन सुरू झाल्यानंतर, जनुकं यायच्या आधीच ते मध्येच थांबवायचं की पुढे जाऊ द्यायचं, हे त्यात ठरतं. रिप्रेसरमुळे सुमारे ७०पट फरक पडतो, अ‍ॅटेन्युएशनमुळे ८ ते १०पट. दोन्हींचा गुणाकार होऊन एकूण फरक सुमारे ६००-७००पट होतो.

दुसरं नियंत्रण आहे हे कळलं कसं? स्टॅनफर्डमध्ये चार्ल्स यानोफ्स्की यांच्या प्रयोगशाळेत रिप्रेसर नसलेले जीवाणू तपासले जात होते. रिप्रेसरच नाही म्हटल्यावर ट्रिप्टोफॅन असो वा नसो, ऑपेरॉन सारखाच चालायला हवा. पण ट्रिप्टोफॅनची उपासमार केली की तो आणखी वाढत होता. शिवाय १९७३ साली असं दिसलं की ऑपरेटर आणि पहिलं जनुक यांच्यामधला काही भाग काढून टाकला तर उत्पादन वाढतं. म्हणजे त्या भागात काहीतरी ब्रेक लावणारं होतं. तोच हा लीडर.

पहिली पायरी: क्रम उतरवून घ्या

पुढचा क्रम दहा-दहाच्या गटांत कागदावर लिहा. डावीकडचा आकडा ओळीतल्या पहिल्या अक्षराचा क्रमांक आहे.

```
  1  AAGUUCACGU AAAAAGGGUA UCGACAAUGA AAGCAAUUUU CGUACUGAAA
 51  GGUUGGUGGC GCACUUCCUG AAACGGGCAG UGUAUUCACC AUGCGUAAAG
101  CAAUCAGAUA CCCAGCCCGC CUAAUGAGCG GGCUUUUUUU U
```

आता २७ व्या अक्षरावर AUG शोधा आणि तिथून तीन-तीन अक्षरं पाडत चला.

```
AUG AAA GCA AUU UUC GUA CUG AAA GGU UGG UGG CGC ACU UCC UGA
```

चौदा अमिनो आम्लं आणि मग UGA हा थांबा. एवढंसं पेप्टाइड पेशीत काहीच काम करत नाही. ते बनवताना रायबोसोम किती वेगाने चालला, एवढीच माहिती कामाची. UGG UGG या दोन शेजारच्या कोडॉनखाली रंगीत रेघ मारा (५४ ते ५९). दोन्ही ट्रिप्टोफॅनचे आहेत. ई. कोलायच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन शंभरात जेमतेम एक असतो, त्यामुळे चौदांत लागोपाठ दोन येणं हा योगायोग नव्हे.

दुसरी पायरी: कोण कुणाशी जुळतं ते शोधा

उलट दिशेने लिहिलेले पूरक तुकडे शोधायचे. स्वतः शोधून मग खाली पाहिलं तर जास्त लक्षात राहील. आकृतीतल्या चार दांड्यांना इथे पट्टा १ ते ४ म्हणू. सगळ्यात महत्त्वाच्या तीन जोड्या अशा:

```
1:2    54  5' UGGUG 3'    58
       91  3' ACCAC 5'    87

2:3    74  5' CGGGC 3'    78
      119  3' GCCCG 5'   115

3:4   114  5' AGCCCGC 3' 120
      134  3' UCGGGCG 5' 128
```

१:२ ची जोडी याहून मोठी आहे. ६१ ते ६५ अक्षरं ७९ ते ८३ शी जुळतात, आणि ६७, ६८ ही ७७, ७६ शी. त्यामुळे १:२ जुळलं की पट्टा २ मधला CGGGC तुकडा बराचसा गुंतून पडतो आणि ३ ला भेटायला मोकळा राहत नाही.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीकडे एकदा निरखून पाहा. पट्टा २ मध्ये CGGGC आहे आणि पट्टा ४ मध्येही CGGGC आहे (१२९ ते १३३). पट्टा ३ मधला GCCCG दोघांशीही तितक्याच मजेत जुळू शकतो, पण एका वेळी एकाशीच. २ आणि ४ असे दोन उमेदवार, आणि जागा एकच. आकृतीतल्या दांड्यांमागचं सगळं रहस्य एवढंच आहे. ही पाच अक्षरं स्वतः शोधून काढली की आकृती पाठ करायची गरज उरत नाही.

३:४ जुळून आरएनए स्वतःवर दुमडला, म्हणजे हेअरपिन बनलं, तर त्याच्या लगेच पुढे १३५ पासून सलग U ची रांग आहे. घट्ट हेअरपिन आणि मागोमाग U ची रांग ही जीवाणूंमधली नेहमीची टर्मिनेटरची खूण. डीएनएशी U ची पकड ढिली, त्यात मागून हेअरपिन आवळलेलं, म्हणून पॉलिमरेज आरएनएसकट सुटून पडतं. पदरात येतो फक्त सुमारे १४० अक्षरांचा तुकडा. पण ३ आधीच २ शी जुळलं असेल तर ४ एकटा राहतो, टर्मिनेटर बनत नाही आणि पॉलिमरेज जनुकांत शिरतं.

तिसरी पायरी: रायबोसोम सरकवा

आता जाड कागदाची एक पट्टी कापा. तिच्या उजव्या कडेपर्यंत रायबोसोम आरएनए झाकतो असं समजा. ढोबळ नियम असा की रायबोसोमच्या पी-जागेत बसलेल्या कोडॉनचं पहिलं अक्षर एक धरलं, तर पुढची कड साधारण पंधराव्या अक्षरापर्यंत पोहोचते. पी-जागेच्या पुढची ती ए-जागा. नवा टीआरएनए तिथे येतो, म्हणजे रायबोसोम वाट पाहत थांबतो तो ए-जागेतल्या कोडॉनसाठी.

ट्रिप्टोफॅनची उपासमार आहे असं धरा. ए-जागेत पहिला UGG आला (५४). पी-जागेत त्याच्या आधीचा GGU, त्याचं पहिलं अक्षर ५१. त्यापासून पंधरा मोजले की कड येते ६५ वर. पट्टा १ जवळजवळ पूर्ण झाकला गेला, म्हणून १:२ जुळणार नाही. पण ७४ ते ७८ उघडे आहेत. पॉलिमरेज पुढे जाऊन ११५ ते ११९ लिहितं, आणि पट्टा ४ अजून लिहिलाही गेलेला नसताना २ आणि ३ जुळून जातात. ४ बाहेर येईपर्यंत ३ ची जागा भरलेली असते. ऑपेरॉन चालू.

आता ट्रिप्टोफॅन भरपूर आहे असं धरा. रायबोसोम दोन्ही UGG झपाझप ओलांडून थांब्यापर्यंत येतो. ए-जागेत UGA (६९), पी-जागेत UCC, पहिलं अक्षर ६६. पंधरा मोजले की कड ८० वर. ७४ ते ७८ पूर्ण झाकले. ३ बाहेर आला तरी त्याला भेटायला २ हजर नाही. मग ४ येतो, ३:४ जुळतं, ऑपेरॉन बंद.

पट्टी सरकवत असाल तर एक गंमत करून पाहा. रायबोसोम CGC वर (६०) थांबला तर? कड ७१ वर येते, ७४ अजून मोकळा. CGC हा आर्जिनिनचा कोडॉन. म्हणजे आर्जिनिनची उपासमार केली तरी टर्मिनेशन काही प्रमाणात सुटायला हवं, आणि प्रयोगात तसं दिसलंही आहे. त्याच्या पुढचा ACU थ्रिओनिनचा. तिथे कड ७४ ला टेकते, म्हणजे पट्टा २ वर पाय पडायला सुरुवात होते. ट्रिप्टोफॅनचे कोडॉन नेमके इथेच का, दोन पावलं पुढे-मागे का नाहीत, याचं उत्तर पट्टीनेच दिलं.

चौथी पायरी: घड्याळ लावा

इथवर फक्त भूमिती झाली. पण अक्षरं लिहिणारा पॉलिमरेज आणि वाचणारा रायबोसोम दोघेही धावत असतात, आणि निकाल त्यांच्या शर्यतीवर ठरतो. ई. कोलायमध्ये पॉलिमरेज सेकंदाला साधारण ४५ अक्षरं लिहितं. रायबोसोम सेकंदाला साधारण १५ कोडॉन वाचतो, म्हणजे तेवढीच ४५ अक्षरं. दोघांचा वेग सारखा. चौदा कोडॉन वाचायला एक सेकंद पुरतो, आणि ९२ पासून टर्मिनेटरपर्यंतची पन्नासेक अक्षरं लिहायलाही तेवढाच.

पण अडचण अशी की रायबोसोम उशिरा निघतो. AUG बाहेर आल्यावर त्याला आधी आरएनएवर बसावं लागतं. तोवर पॉलिमरेज कितीतरी पुढे निघून जाईल आणि निर्णय रायबोसोमशिवायच लागेल. यावरचा उपाय पट्टा १ आणि २ मध्येच आहे. दोन्ही लिहून होताच १:२ हेअरपिन बनतं आणि त्यामुळे पॉलिमरेज ९० च्या आसपास अडखळून थांबतं. तेवढ्यात रायबोसोम बसतो, वाचत येतो, १:२ उलगडतो आणि थबकलेल्या पॉलिमरेजला पुढे ढकलतो. तिथून दोघे जोडीने निघतात. मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत सुंदर वाटतो तो हाच टप्पा, कारण १:२ हेअरपिन नसतं तर वेगांची तुलना करताच आली नसती. तरी बहुतेक आकृत्यांत त्याला जागाच नसते.

रायबोसोम नेमकं काय मोजतो हेही पक्कं करून घ्या. तो पेशीतला ट्रिप्टोफॅन मोजत नाही (ते काम रिप्रेसरचं). तो पाहतो ते ट्रिप्टोफॅन जोडलेल्या टीआरएनएची उपलब्धता. टीआरएनएला ट्रिप्टोफॅन जोडणारं एन्झाइम बिघडलेल्या जीवाणूंत बाहेर ट्रिप्टोफॅन भरपूर असला तरी अ‍ॅटेन्युएशन ढिलं पडतं. याहून बोलका पुरावा आणखी एक आहे. टीआरएनएच्या अँटिकोडॉनशेजारच्या एका अक्षरावर पेशी नंतर एक रासायनिक झूल चढवते. ती चढवणारं जनुक बिघडलं तर टीआरएनएला ट्रिप्टोफॅन नीट जोडला जातो, काहीच कमी नसतं, फक्त UGG वाचायला वेळ जास्त लागतो. तरीही पॉलिमरेज जास्त वेळा पुढे निसटतं. कमतरता नव्हती, नुसती दिरंगाई होती, आणि तेवढ्याने निकाल बदलला.

पाचवी पायरी: म्युटंट देऊन स्वतःची परीक्षा घ्या

आता माझं जिथे चुकलं होतं तो प्रश्न. रायबोसोम आलाच नाही तर? २७ व्या स्थानचा AUG बिघडवून AUA करा (२९ व्या जागी G चा A). असा म्युटंट खरोखर मिळालेला आहे, त्याचं नाव ट्रपएल-२९. पुढे वाचण्याआधी कागदावर उत्तर काढा.

मी म्हणालो होतो, "रायबोसोम नाही, म्हणजे २ मोकळा, म्हणजे २:३, म्हणजे चालू." चूक. रायबोसोम नाही म्हणजे पट्टा १ सुद्धा मोकळा. १ आणि २ सगळ्यांत आधी बाहेर येतात, म्हणून ते आधी जुळतात. मग ३ ला ४ शिवाय कोणी उरत नाही. टर्मिनेशन वाढतं, आणि उपासमार केली तरी सुटत नाही. प्रयोगातही तेच दिसलं. रायबोसोम पेप्टाइडच्या सुरुवातीच्या एखाद्या कोडॉनवर, म्हणजे पट्टा १ च्या बराच आधी अडकला तरी हाच तर्क लागू होतो. पट्टा १ मोकळा राहतो आणि ऑपेरॉन बंद होतो. पेशीच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच आहे, दुसरंच अमिनो आम्ल संपलं असेल तर ट्रिप्टोफॅन बनवून करायचं काय?

दुसरा म्युटंट ट्रपएल-७५. ७५ व्या G चा A झाला. दुसऱ्या पायरीतली जोडी काढा. ७५ हा ११८ व्या C शी जुळतो, आणि A-C जुळत नाही, म्हणून २:३ कमकुवत. भाकीत असं की उपासमारीतही ३ ला ४ जास्त पसंत पडेल आणि टर्मिनेशन वाढेल. तसंच झालं. तिसरा प्रश्न उत्तराशिवाय सोडतो: १३१ व्या G चा A केला तर काय होईल? पेन्सिल हातात आहेच.

एक शंका इथे नेहमी येते. ट्रिप्टोफॅन भरपूर असताना सगळेच पॉलिमरेज थांबतात का? नाही. दहातला एखादा तरीही निसटतो. थांब्यावर पोहोचलेला रायबोसोम काही वेळा पट्टा ४ बाहेर यायच्या आधीच आरएनए सोडून जातो. मग २ पुन्हा मोकळा होतो आणि १ शी जुळायचं की ३ शी, हे नव्याने ठरतं. ३ शी जुळला तर ऑपेरॉन चालू. म्हणजे हे बटण नाही, शक्यतांचा तराजू आहे.

सहावी पायरी: प्रयोगशाळेत पाहायचं असेल तर

पहिली अट अशी की रिप्रेसर नसलेला जीवाणू घ्या. नाहीतर ट्रिप्टोफॅन काढताच दोन्ही नियंत्रणं एकत्र सुटतील आणि वाढ कुणामुळे झाली ते सांगता येणार नाही. इंडोल-अक्रिलिक आम्ल टाकून ऑपेरॉन उघडणं सोपं आहे, पण तेही दोन्हीकडे हात घालतं, रिप्रेसरलाही हटवतं आणि टीआरएनएला ट्रिप्टोफॅन जोडण्यातही अडथळा आणतं. ऑपेरॉन फक्त चालू करायचा असेल तर ते ठीक, दोन नियंत्रणं वेगळी करायची असतील तर निरुपयोगी.

दुसरी गोष्ट माध्यमाची. ट्रिप्टोफॅनरहित पण बाकी अमिनो आम्लं असलेलं माध्यम हवं असेल तर कॅसामिनो अ‍ॅसिड्स सोयीचे पडतात. केसिन आम्लात उकळून ते बनवतात आणि त्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होतो. ट्रिप्टोन मात्र एन्झाइमने बनतो, त्यात ट्रिप्टोफॅन शिल्लक असतो. नावं जवळची वाटली म्हणून एकाऐवजी दुसरं टाकलं तर "उपासमार" कधी होतच नाही, आणि आलेख सपाट येतो.

तिसरा सापळा मापनाचा आहे आणि तो सगळ्यांत फसवा. सवयीने लीडरच्या मागे लॅक-झेड जोडून बीटा-गॅलॅक्टोसिडेज मोजलं जातं. पण त्या प्रथिनाच्या प्रत्येक साखळीत ट्रिप्टोफॅन ३९ आहेत! कडक उपासमारीत आरएनए वाढला तरी एन्झाइम बनवायलाच ट्रिप्टोफॅन नाही, मग आकडा वर जायच्या ऐवजी खाली येतो आणि आपण म्हणतो अ‍ॅटेन्युएशन दिसत नाही. त्यापेक्षा आरएनए मोजा. एक जोडी प्राइमर लीडरच्या सुरुवातीच्या भागासाठी, दुसरी टर्मिनेटरच्या पलीकडे ई जनुकासाठी. पहिली सांगते किती पॉलिमरेज निघाले, दुसरी सांगते किती पोहोचले. दोन्हींचं गुणोत्तर उपासमारीत आणि भरपूर ट्रिप्टोफॅनमध्ये तुलना करून पाहा. नुसतं एका स्थितीतलं गुणोत्तर "इतके टक्के निसटले" म्हणून वाचू नका, कारण छोटा तुकडा आणि लांब आरएनए सारख्या वेगाने नासत नाहीत.

जोडीला ट्रपएल-२९ सारखा म्युटंट ठेवा. त्यातही उपासमारीत गुणोत्तर तितकंच वाढलं, तर तुम्ही पाहताय ते अ‍ॅटेन्युएशन नाही, दुसरंच काहीतरी आहे. बहुधा आरएनएच्या नासण्याचा वेग बदललेला असतो.

हे कुठे लागू होतं, कुठे नाही

हीच युक्ती इतर ऑपेरॉनमध्येही आहे, फक्त कोडॉन बदलतात. हिस्टिडिन ऑपेरॉनच्या लीडर पेप्टाइडमध्ये सलग सात हिस्टिडिन आहेत, आणि फेनिलअ‍ॅलनिनच्या पंधरा अमिनो आम्लांच्या लीडरमध्ये सात फेनिलअ‍ॅलनिन. नवा लीडर हाती आला की आधी कोडॉन वाचा, कोणतं अमिनो आम्ल अवाजवी गर्दी करतंय ते पाहा, मग हेअरपिन शोधा.

पण सगळ्या जीवाणूंचा ट्रिप्टोफॅन ऑपेरॉन असा चालतो असं धरून चालू नका. बॅसिलस सबटिलिसमध्ये लीडर आहे, टर्मिनेटर आहे, पण तिथे रायबोसोमचा वेग मोजला जात नाही. ११ घटकांचं एक कंकणाकृती प्रथिन ट्रिप्टोफॅन चिकटला की आरएनएवर बसतं आणि टर्मिनेटर बनू देतं. त्याच्या लीडरमध्ये GAG आणि UAG चे ११ ठोके ओळीने सापडतील, ई. कोलायसारखे लागोपाठ UGG नाहीत. आणि केंद्रक असलेल्या पेशींमध्ये केंद्रकातल्या जनुकांसाठी ही शर्यत होऊच शकत नाही, कारण लिहिणारा केंद्रकात असतो आणि वाचणारा बाहेर.